इस्रायली पाहुणा, कोशर जेवण आणि पुण्यातलं हॉटेल: सल्ला हवा आहे

चाकणचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

चाकणला आमचा छोटा कारखाना आहे. ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हचे प्लॅस्टिकचे सुटे भाग आम्ही बनवतो. इस्रायलहून दोन गिऱ्हाइकं पुढच्या बुधवारी येतायत आणि रविवारी परत जातायत. एक साधारण साठीचे, खरेदीचे मुख्य. व्हिडिओ कॉलवर डोक्याला ती छोटी गोल टोपी असते. दुसरा तिशीतला पोरगा, तो म्हणतो 'मला काहीही चालतं'. जेवणाचं काय, असं मी मेलवर विचारलं, तर साठीच्या गृहस्थांचं उत्तर आलं, 'कोशर. पण काळजी नको.' या 'काळजी नको'नेच माझी झोप उडवलीय.

शुक्रवारी कारखाना दाखवून झाला की रात्री आठला जेवण ठरवलंय. आमचे चार, त्यांचे दोन. शाकाहारी म्हणजे सेफ, या हिशोबाने साहेबांनी एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात टेबल सांगून टाकलंय. ते बरोबर आहे का? नसेल तर कुठलं हॉटेल आणि काय मागवायचं?

खादाड_बाप्पा

अगदी बरोबर आहे. मांस नाही तर भानगडच नाही. थाळी, वर आमरस मिळाला तर आमरस, नंतर मस्तानी. ऑर्डर खिशात.

तिरकस

ऑर्डर खिशात आणि पाहुणा खाटेवर.

टोकियो_रिटर्न

थाळीवरून आठवलं. आमचे जपानी साहेब २०१४ साली पुण्यात आले होते, तेव्हा आम्हीही थाळीलाच नेलं होतं. त्यांच्याकडे पानात टाकणं वाईट, म्हणून ते वाढलेलं सगळं संपवत होते. आपल्याकडे वाटी रिकामी दिसली की वाढपी भरतो. हे संपवतायत, तो भरतोय. चौथ्या वाटी बासुंदीला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून विसरलो नाही. 'वाटीवर हात आडवा धरा' हे आम्ही सांगायलाच विसरलो होतो.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण थाळीला नेलंत तर हात आडवा धरायला शिकवा.

ऋजुता_प

कोशर म्हणजे त्यांचं हलाल ना? मग हलाल मिळतं अशा चांगल्या मुघलाई ठिकाणी न्या. आमच्या कंपनीत दुबईचे लोक येतात तेव्हा आम्ही तेच करतो.

अश्दोदची_मावशी

ऋजुता, नाही गं. डुक्कर दोघांना वर्ज्य, एवढं सारखं. पण हलाल हॉटेलात कोळंबी चालते, दह्यात मुरवलेलं मटण चालतं. कोशरमध्ये यातलं एकही चालत नाही. आणि कापणारा माणूस आमचा, आमच्या नियमाने शिकलेला लागतो.

मी मूळची ठाण्याची, सासर अलिबागकडचं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, तुमच्या आजी-पणजीच्या बोलीतले शनवार तेली. आता तीस वर्षं इथे अश्दोदला. घरात मराठी आणि कोशर दोन्ही चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुमचा वारच चुकलाय. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, तो शनिवारी काळोख पडून तारे दिसेपर्यंत. पाळणारा माणूस त्या वेळात गाडीत बसत नाही, फोन घेत नाही, पैशाला हात लावत नाही, धंद्याचं बोलत नाही. त्या रात्री आठला तो तुमच्या टेबलावर येणारच नाही. तुम्ही कळवलंत तेव्हा त्याने काहीच म्हटलं नाही का?

चाकणचा_पोऱ्या

मावशी, आत्ता मेल परत काढून बघितला. त्याने लिहिलंय, 'शुक्रवारी दुपारपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.' आम्हाला वाटलं दुपारी जरा आराम करणार असतील. :( गुरुवार करतो.

तिरकस

साहेबांच्या टेबलाची विकेट पडली. पुढचा फलंदाज?

अश्दोदची_मावशी

आता थाळीकडे येऊ. आपल्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक असतो ना, त्यावरून समजून घ्या. सोवळ्यात नुसता पदार्थ शुद्ध असून भागतं का? कोणी शिजवला, कुठल्या भांड्यात, त्या भांड्यात आधी काय शिजलं होतं, हे सगळं येतं. कोशरचंही तसंच, कारणं मात्र वेगळी. शाकाहारी हॉटेलात मटण नाही, ही अर्धी लढाई झाली. पण चीझ कुठल्या विरजणाने जमवलंय हे कोण सांगणार? कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर, पालक यांत किडा आहे का, हे उजेडात धरून पान न् पान बघावं लागतं. एक बारीक किडा पोटात जाणं हा आमच्यात मोठा दोष. आणि आचारी यहुदी नाही, हा वेगळाच मुद्दा.

पण माणसागणिक रेषा वेगळी असते, ही खरी गोम आहे. टोपीवाल्यांतसुद्धा परदेशात गेल्यावर शाकाहारी हॉटेलात गरम जेवणारे आहेत. काही जण फक्त कच्चं आणि थंड खातात. काही जण स्वतःचा डबा घेऊन येतात आणि तुमच्याबरोबर नुसते बसतात. म्हणून 'कोशर का?' एवढं विचारून काही कळत नाही. मेल असा लिहा: 'बाहेर असताना यातलं तुम्हाला काय चालतं? एक, शाकाहारी हॉटेलातलं गरम जेवण. दोन, खवल्यांचा अख्खा मासा, नव्या फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळून भाजलेला. तीन, अख्खी फळं, काकडी, टोमॅटो, तुम्ही स्वतः कापलेली. चार, शिक्का असलेलं बंद पाकीट.' त्याला नुसता आकडा लिहायचाय. 'काळजी नको' म्हणणाऱ्या माणसाला लांबलचक खुलासे करायचा कंटाळा आलेला असतो. आकडा तो आनंदाने लिहील.

सुगरण७८

मावशी, कित्ती छान समजावलंत! एक शंका. दूध-मांस एकत्र नको, हे ऐकलंय. मग शाकाहारी थाळीत मांसच नाही तर दह्या-तुपाला काय हरकत?

अश्दोदची_मावशी

तेवढ्यापुरती नाही. मात्र त्याने दुपारी स्वतःबरोबर आणलेलं मांस खाल्लं असेल, तर पुढे काही तास तो दुधाचं घेणार नाही. कोणी सहा तास थांबतं, कोणी तीन. म्हणून रात्री आइसक्रीम नको म्हणाला तर आग्रह करू नका. आपला आग्रह म्हणजे एक संकटच आहे.

आमच्या ठाण्याच्या घरी मटणाच्या रश्श्यात दही कधी पडलं नाही, नारळाचं दूध असायचं. कोकणात राहिल्याचा हा फायदा, जिभेला काहीच कमी पडलं नाही.

दर्यावर्दी

खवल्यांचा मासा म्हणजे सुरमई बाद का? तिला खवले कुठेत?

अश्दोदची_मावशी

आहेत, बारीक. आमच्या घरात सुरमई, बांगडा, रावस, पापलेट सगळं आलं. पंख आणि खवले दोन्ही हवेत, आणि खवला कातडी न फाटता निघाला पाहिजे. म्हणून मुशी, शिंगाळा बाद. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकुल तर बादच.

दर्यावर्दी

मग सुरमई न्यायची नाही, रावस न्यायचा. कारण सांगतो, आमचा मासळीचा धंदा आहे. सुरमईचे खवले पातळ असतात, जाळ्यात आणि बर्फात घासून बरेचसे झडून जातात. टेबलावर दाखवायला एकही उरत नाही. रावसाचे खवले नखाएवढे, लांबून दिसतात. आणि हॉटेलवाले 'रावस फिलेट' म्हणून कातडी काढलेला पांढरा तुकडा देतात, तो कुठल्याही माशाचा असू शकतो. अख्खा, डोक्यासकट घ्या. खवले काढणाऱ्याला एका बाजूला हाताच्या पंजाएवढा पट्टा तसाच ठेवायला सांगा.

अश्दोदची_मावशी

दर्यावर्दी, जीते रहो. कातडीचा पट्टा ठेवायचा, हेच मी लिहिणार होते.

ज्येष्ठ_नागरिक

एवढं कशाला डोक्याला ताप? पंचतारांकित हॉटेलात न्या. तिथल्या शेफला सगळं माहीत असतं. तीस वर्षं परदेशी पाहुणे हाताळलेत मी.

फोडणी_आणि_मी

@ज्येष्ठ_नागरिक काका, मी अशाच एका हॉटेलात किचनमध्ये सात वर्षं होतो. नियम माहीत असणं वेगळं आणि गुरुवारी रात्री दोनशे पानं चालू असताना ते पाळणं वेगळं. ग्रिल एकच असतो. त्यावर कोळंबी, चिकन, पनीर सगळं फिरतं, चिमटाही तोच. मेन्यूत 'कोशर' लिहिलेलं नसताना वेटर मान डोलावतो, कारण नाही म्हणायचं नाही असं त्याला शिकवलेलं असतं.

मोठ्या हॉटेलचा फायदा दुसरा आहे. तिथे बँक्वेटचा ओव्हन रिकामा मिळू शकतो आणि एक माणूस तुमच्या टेबलाला बांधून देतात. हे आठवडाभर आधी शेफशी स्वतः बोलून ठरवा, रिसेप्शनवर नाही.

ज्येष्ठ_नागरिक

म्हणजे पंचतारांकितच. मी तेच म्हणालो.

शंकासूर

मला एक कळत नाही. गिऱ्हाईक आपल्या देशात आलंय, मग त्याने जमवून घ्यायला नको का? आपण तिकडे जातो तेव्हा कोण आपल्यासाठी वेगळा तवा ठेवतं?

टोकियो_रिटर्न

@शंकासूर, माझे चातुर्मास पाळणारे सासरे जपानला आले होते, तेव्हा आमच्या शेजारणीने नवीन भांडं आणून त्यात भात लावला होता. ठेवतात हो माणसं.

शंकासूर

बरं, शेजारणीला मानलं. पण धंद्यात?

तिरकस

धंद्यात तर दोन तवे ठेवतात. :D

चाकणचा_पोऱ्या

मंडळी, उत्तर आलं! फक्त लिहिलंय: '२, ३, ४. विचारल्याबद्दल आभार, असं कोणी विचारत नाही.' म्हणजे एक नंबर नाही. थाळी नक्की बाद. साहेबांना सांगितल्यावर त्यांनी पाच मिनिटं खिडकीबाहेर बघितलं.

आता मासा नक्की कसा करायचा ते सांगा. आणि मावशी, पुण्यात तयार काही मिळेल का?

अश्दोदची_मावशी

कोरेगाव पार्कात खबाद या यहुदी संस्थेचं घर आहे, प्रवासी यहुद्यांसाठी. आधी फोन करून विचारा, पाकीटबंद जेवण जमतं का. ते जमलं तर बाकी सगळं विसरा. कॅम्पातल्या लाल देवळालाही भेट द्यावीशी वाटेल त्यांना. १८६७ सालचं सिनेगॉग आहे, लाल विटांचं, मनोरा लांबून दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलपासून चालत जाण्यासारखं काय आहे, ते नकाशावर दाखवून ठेवा. शब्बाथला ते चालतच जाणार.

माशाचं असं. बिनकापलेला अख्खा मासा, नवा चाकू, आणि पाट-फळी घेऊ नका, फॉइल पसरून त्यावरच साफ करा. आतून-बाहेरून मीठ, लिंबू, हळद, तेल. तेलाची बाटली नवी, सील त्यांच्यासमोर किंवा तुमच्या घरी फोडलेली. लोणी नको. मासा-दूध एकत्र न खाणारेही आमच्यात पुष्कळ आहेत. मग एक फॉइल घट्ट, तिची दुमड वर. दुसरी फॉइल उलट बाजूने, तिची दुमड खाली. आतला वाफेचा थेंब बाहेर नको आणि ओव्हनमधलं काही आत नको.

फोडणी_आणि_मी

किलोभर रावस दुहेरी फॉइलमध्ये २०० अंशांवर धरा ३५ ते ४० मिनिटं. फॉइलमुळे रंग येणार नाही, तो वाफवल्यासारखा होतो. आधी घरी एक करून बघा. तंदूरमध्ये घालू नका, सळई फॉइल फाडते.

आणि कांदा हॉटेलच्या सुरीने कापलेला देऊ नका. मला एका पाहुण्याने समजावलं होतं की काकडी धुऊन चालेल एक वेळ, पण तिखट वस्तू सुरीतलं ओढून घेते. तेव्हापासून लक्षात आहे.

अश्दोदची_मावशी

अगदी खरं. कांद्याचं तुम्हाला माहीत आहे म्हणजे कमाल आहे.

एक राहिलं. शिजवणारा यहुदी नसेल तर काही लोक ओव्हनची कळ स्वतः फिरवतात, आणि आमच्यातल्या एका परंपरेत तेवढ्याने काम होतं. दुसरीत होत नाही, त्यांना भांडं स्वतः आगीवर ठेवावं लागतं. तुमचे पाहुणे कुठल्या घरचे ते मला इथून कसं सांगता येईल? 'ओव्हन तुम्ही लावणार का?' एवढं विचारा.

सुगरण७८

आणि दारू? नाशिकची वाइन ठेवायची का? खूप कौतुक असतं बाहेरच्यांना.

अश्दोदची_मावशी

वाइन नको. द्राक्षाला सगळ्यात कडक नियम आहेत, बनवणारे हात कोणाचे इथपासून. साधी बियर बाटलीतून, कागदी नाहीतर काचेच्या नव्या ग्लासात. काळा चहा, काळी कॉफीही तशीच.

ऋजुता_प

तुमच्या टीममध्ये बाई असेल तर तिने हात पुढे करू नये, तो करतो का बघावं. आमच्याकडे एकदा हात हवेतच राहिला होता माझा. त्याने छातीवर हात ठेवून इतकं छान वाकून नमस्कार केला, तरी मला पूर्ण मीटिंगभर कानकोंडं झालं होतं.

खादाड_बाप्पा

पण बाकीचे पाच जण काय खाणार? सगळ्यांनी फॉइल चघळायची का?

फोडणी_आणि_मी

बाकीच्यांनी शाकाहारी. त्या तरुण पोराने कोळंबी मागवलीच तर काय करायचं, यावर माझं मत असं की मागवू द्यावी. तो त्यांच्या दोघांतला मामला.

ऋजुता_प

असहमत. त्याच्या साहेबांसमोर त्या पोराला त्या पेचात टाकूच नये. मेन्यू आधी ठरवून छापून ठेवा, निवडायचा प्रश्नच येत नाही.

चाकणचा_पोऱ्या

जेवणाचा वृत्तांत

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

खबादकडे त्या दिवशी जमलं नाही, म्हणून मासाच केला. एका मोठ्या हॉटेलच्या बँक्वेट शेफला सोमवारी भेटून बेकरीचा छोटा ओव्हन गुरुवारी साडेसात ते नऊ मोकळा ठेवून घेतला. मासा बुधवारी रात्री घरी केला. बायकोने एक चांगलं सुचवलं, एक नाही, दोन करू. किलोचे दोन रावस, दोन वेगळी पुडकी. पट्टा राखून ठेवला होता. गृहस्थ आल्यावर मी आधी फोनवर पुडकं बांधतानाचे फोटो दाखवले. कातडीचा पट्टा बघून ते हसले आणि म्हणाले, हे कोणी शिकवलं? म्हटलं, अश्दोदच्या एका मावशीने. त्यांना ती मस्करी वाटली.

ओव्हनपर्यंत ते स्वतः आले, कळ त्यांनी फिरवली. पुडकी आत गेली, आम्ही टेबलावर परत आलो. मी अगदी निवांत झालो आणि तिथेच चूक झाली.

चाळीस मिनिटांनी वेटर आला तो ट्रॉली घेऊन. हॉटेलच्या पांढऱ्या प्लेटमध्ये मासा उलगडून, वर पुदिन्याची चटणी, लोणी, बाजूला कोबीची बारीक पट्टी आणि कांद्याच्या चकत्या. ट्रॉलीवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने आपुलकीने सजवलं होतं बिचाऱ्याने. साहेबांचा चेहरा मी तुम्हाला सांगू शकत नाही.

गृहस्थ काहीच बोलले नाहीत. नुसते म्हणाले, 'फार सुंदर दिसतोय, हा तुम्ही खा.' मी धावत किचनमध्ये. दुसरं पुडकं ओव्हनमध्येच होतं, शिवलेलं नव्हतं. ते तसंच बंद आणून त्यांच्यापुढे ठेवलं, बरोबर कागदी प्लेट आणि लाकडी काटा-चमचा. त्यांनी फॉइल स्वतः उघडली. काकडी, टोमॅटो, गाजर अख्खी नेली होती, नवा चाकू दिला, ती त्यांनी स्वतः कापली आणि आम्हाला वाढली! शेवटी केळी आणि पेरू.

तो तरुण मुकाट्याने पनीर खात होता. बिल देताना हळूच मला म्हणाला, 'उद्या रात्री कोळंबी कुठे मिळेल?'

ऑर्डरचं अजून ठरलेलं नाही. नमुने मागितलेत, भाव जास्त वाटतोय म्हणाले.

फोडणी_आणि_मी

चूक शेफची नाही, पासवरच्या, म्हणजे किचनमधून प्लेट बाहेर जाते तिथल्या माणसाची. पुढच्या वेळी पुडक्यावर मार्करने 'उघडू नये' असं मराठीत आणि हिंदीत लिहा. इंग्रजीत लिहिलं तर कोणी वाचत नाही.

तिरकस

म्हणजे सजवलेला रावस साहेबांनी खाल्ला तर!

चाकणचा_पोऱ्या

दोन वेळा वाढून घेतला. चटणी छान होती म्हणाले.

अश्दोदची_मावशी

पोऱ्या, शाब्बास. दोन पुडकी हे तुमच्या बायकोचं डोकं, तिला सांगा.

दर्यावर्दी

मावशी, एक विचारायचं राहिलं. बोंबील चालतो का तुमच्यात? त्याला खवले म्हणावेत तर आहेत, म्हणावेत तर नाहीत.

अश्दोदची_मावशी

यावरून माझ्या सासूचं आणि आईचं आयुष्यभर पटलं नाही. आई सुक्या बोंबलाची चटणी करायची, सासूने तो कधी घरात येऊ दिला नाही. दोघीही आपापल्या जागी ठाम होत्या.

दर्यावर्दी

आणि तुम्ही?

अश्दोदची_मावशी

सासूबाई हा धागा वाचत नाहीत ना?